कॉलवर आवाज बारीक येतो म्हणून इअरपीस बदलण्यापूर्वी

«कॉलवर समोरच्याचा आवाज बारीक येत असेल तर कानाचा स्पीकर गेला समजा. टेम्पर्ड ग्लासचा काही संबंध नाही, त्याला भोक असतंच. टाचणीने जाळी मोकळी करा, नाही जमलं तर *#*#3646633#*#* डायल करून आवाज फुल करा, तरीही नाही आला तर स्पीकर बदलून टाका.»

सांगलीत मार्केट यार्डाच्या रस्त्यावर माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि हा मजकूर दाखवत येणारे गिऱ्हाईक मला आता आठवड्यातून दोन-तीनदा भेटते. त्यांतल्या अनेकांनी तोपर्यंत टाचणी वापरलेली असते आणि मग जे काम ब्रशने पाच मिनिटांत झाले असते, त्यासाठी फोन उघडावा लागतो. म्हणून यातल्या एकेका विधानाला सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

आवाज बारीक झाला म्हणजे इअरपीस गेला, हे पहिले विधान आधी तपासू. इअरपीस म्हणजे एक बारीक तारेचे वेटोळे, एक लोहचुंबक आणि कागदासारखा पातळ पडदा. वेटोळे तुटले तर आवाज कमी होत नाही, तो पूर्ण बंद होतो. पडदा फाटला किंवा त्यावर काही चिकटले तर आवाज खरखरतो, फाटतो. इअरपीसला बोर्डाशी जोडणाऱ्या आतल्या पट्टीचा किंवा स्प्रिंगचा संपर्क सैल झाला तर आवाज येतो-जातो आणि फोनचा वरचा भाग बोटाने दाबला की क्षणभर परत येतो. या तीनपैकी काहीही नाही, आवाज स्वच्छ आहे, फक्त लांबून आल्यासारखा वाटतो आणि तो दोन-चार महिन्यांत हळूहळू उतरत गेला आहे, असे असेल तर इअरपीस बहुधा शाबूत असतो आणि आवाजाची बाहेर पडण्याची वाट अडलेली असते.

हे घरी ओळखण्याची एक सोपी रीत आहे. व्हॉट्सॲपवर आलेला एखादा स्पष्ट व्हॉइस मेसेज निवडावा, तो सुरू करून फोन कानाला लावावा. फोन कानाजवळ गेला की तो आवाज खालच्या स्पीकरमधून न येता इअरपीसमधून येऊ लागतो. हा मेसेज आधीच रेकॉर्ड झालेला असल्याने त्यात नेटवर्कचा किंवा त्या क्षणी बोलणाऱ्याच्या माइकचा प्रश्न उरत नाही. मेसेज खणखणीत ऐकू आला आणि कॉल मात्र बारीक येत असतील तर दोष आपल्या इअरपीसचा नाही. एकाच माणसाचा आवाज बारीक येत असेल तर त्याच्या फोनचा माइक पाहायला हवा. मेसेजही बारीकच आला तर पुढे जावे. हाच मेसेज जपून ठेवावा, कारण प्रत्येक उपायानंतर तोच पुन्हा ऐकला म्हणजे खरोखर किती फरक पडला ते कळते.

सेटिंगचा भाग मजकुरात मुळीच नाही, आणि तपासायला सर्वांत कमी वेळ तोच घेतो. रिंगचा, गाण्यांचा आणि कॉलचा आवाज फोनमध्ये वेगवेगळा ठेवलेला असतो. कॉल चालू नसताना बाजूचे बटण दाबून पडद्यावरची आवाजाची पट्टी शेवटपर्यंत नेली तरी बहुतेक फोनांत ती कॉलची नसते. कॉल चालू असताना, फोन स्पीकरवर न टाकता, तेच बटण दाबावे लागते, कारण कानाचा आणि स्पीकरचा आवाजही फोन वेगळा लक्षात ठेवतो. ज्या फोनांत वरचा इअरपीसच दुसरा स्पीकर म्हणून वाजतो, त्यांत आणखी एक तपासणी करता येते. गाणे लावून खालच्या स्पीकरची भोके बोटाने बंद करावीत. वरून गाणे मोकळे आणि मोठे आले तर वाट उघडी आहे, दोष सेटिंगमध्ये किंवा कॉलच्या वाटेत कुठेतरी आहे. वरूनही दबका आवाज आला तर मामला जाळीचा किंवा ग्लासचा आहे.

आता ग्लासच्या भोकाकडे येतो, कारण या मजकुराने सर्वांत जास्त दिशाभूल इथेच केली आहे. भोक असते हे खरे, पण ते कुठे असते हे पाहायला हवे. जुन्या फोनांत इअरपीसची जाळी काचेच्या मधोमध, नजरेला दिसेल अशी असायची. आताच्या बहुतेक फोनांत ती काच आणि वरची कड यांच्यामधल्या फटीत गेली आहे आणि ती फट जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. टेम्पर्ड ग्लास बसवताना हात एक मिलिमीटर वर सरकला की ग्लासची कड त्या फटीवर येते आणि आवाजाची अर्धी-अधिक वाट झाकली जाते. समोरून पाहिले तर सगळे जागच्या जागी दिसते. ज्या ग्लासला चारी बाजूंनी काळी किनार असते आणि इअरपीसच्या जागी स्वतःची बारीक जाळी चिकटवलेली असते, तिथे आवाजाला दोन जाळ्या ओलांडाव्या लागतात आणि वरची जाळी लवकर भरते.

ग्लास अचूक बसला तरी एक गोष्ट उरते. ग्लासच्या जाडीमुळे फटीपाशी एक पायरी तयार होते. गालाचे तेल, घाम आणि हवेतली धूळ त्या पायरीच्या कोपऱ्यात अडकते, गोंदाच्या कडेला चिकटते आणि तिचा लगदा होतो. ग्लास नसता तर हीच घाण शर्टाच्या खिशात घासून बरीचशी निघून गेली असती.

आमच्या यार्डात हे जवळून दिसते. गेल्या हंगामात हळदीच्या एका अडत दुकानातले दिवाणजी आले. सौदे चालू असताना बाहेरगावच्या खरेदीदाराचा फोन आला की दर ऐकू येत नाही आणि स्पीकरवर टाकावा तर शेजारचा अडत्या ऐकतो, अशी त्यांची अडचण होती. फोन दोन वर्षांचा होता आणि दुसऱ्या एका दुकानात त्यांना इअरपीस बदलावा लागेल असे सांगितले होते. कॉल चालू ठेवून पाहिले तर आवाजाची पट्टी अर्ध्यावर होती. ती पूर्ण केल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. व्हॉइस मेसेजही बारीकच आला. तो ऐकता ऐकता फोन कानावर हळूहळू वर-खाली सरकवायला सांगितले, तेव्हा एका ठिकाणी आवाज एकदम उघडला आणि लगेच पुन्हा दबला. फटीचा काही भाग मोकळा आणि काही झाकलेला असला की असे होते.

भिंगाखाली पाहिले तर ग्लासची वरची कड फटीवर चढलेली होती आणि तिच्याखाली पिवळी रेघ जमली होती. ती हळद होती. ग्लास काढला आणि तोच मेसेज पुन्हा ऐकवला, तेव्हा दिवाणजी म्हणाले, «निम्मं काम झालं बघा.» उरलेले निम्मे जाळीत होते. फोन बंद करून, जाळीचे तोंड जमिनीकडे धरून, कोरड्या मऊ टूथब्रशने फटीच्या लांबीच्या दिशेने हलके हात मारले. तोंड खाली असल्याने सुटलेली पूड आत न जाता टेबलावर पडली. मग भिंत रंगवताना लावतात ती सहज निघणारी कागदी चिकटपट्टी फटीवर टेकवून उचलली, आणि तिच्यावर पिवळे ठिपके येणे थांबेपर्यंत हेच करत राहिलो. पाण्याचा थेंबही वापरला नाही. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिट लावले असते तर तेल आणि हळद यांचे पातळ द्रावण जाळीतून आत उतरून पडद्यावर वाळले असते.

टाचणीचा सल्ला याच कारणाने घातक आहे. इअरपीसवरची जाळी पावडर गाळायच्या कापडासारखी बारीक असते आणि तिच्या मागे अगदी थोड्या अंतरावर पडदा असतो. टाचणी एकतर जाळी फाडते किंवा लगदा पडद्याकडे ढकलते. जोरदार हवेचा फुगाही तेच करतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांच्या फोनात तर आणखी एक प्रकार दिसतो. इअरपीसमध्ये लोहचुंबक असल्याने लेथजवळचा लोखंडाचा कीस जाळीकडे ओढला जातो. तो ब्रशने सहज सुटत नाही, चिकटपट्टीने बराचसा निघतो, आणि जाळी फाटलेली असेल तर सरळ पडद्यावर जाऊन बसतो. मग येणारी खरखर साफ करून जात नाही आणि तेव्हा मात्र इअरपीस खरोखर बदलावा लागतो.

त्या कोडबद्दलही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो मीडियाटेकच्या चिपवर चालणाऱ्या फोनांचा अभियांत्रिकी मेनू उघडतो. दुसऱ्या चिपच्या फोनांत तो टाकून काहीच होत नाही आणि मीडियाटेकच्याही अनेक नव्या फोनांत तो बंद केलेला आहे. जिथे उघडतो तिथे आवाजाचे आकडे वाढवता येतात, पण कंपनीने ठेवलेली मर्यादा त्या वेटोळ्याला आणि पडद्याला सोसेल इतकीच असते. आकडा वाढवला की आवाज फाटतो, कानातला आवाज माइकमध्ये शिरून समोरच्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येते आणि वेटोळे तापून जळूही शकते. फक्त तपासायचे असेल तर सॅमसंगच्या अनेक फोनांत *#0*# टाकून Receiver दाबले की इअरपीसमधून एकसारखा सूर वाजतो आणि शाओमीच्या फोनांत *#*#6484#*#* ने तशीच चाचणी उघडते. या चाचण्या ऐकून बाहेर पडावे, आतले आकडे बदलू नयेत.

राहिला स्पीकर बदलण्याचा सल्ला. तो कधीकधी बरोबर असतो, पण त्याआधी दुकानदाराला मीटर लावायला सांगावे. वेटोळे तुटले असेल तर मीटर काहीच मोजत नाही. ते शाबूत असेल तर काही ओहम दाखवते, आणि मग आवाज कमी येण्याचे कारण पट्टीत, जाळीत किंवा बोर्डावर शोधावे लागते. फोन उघडला की पाणी अडवणारा कडेचा गोंद सुटतो आणि तो नव्याने लावला तरी पहिल्याइतका भरवशाचा राहत नाही. आयफोन एक्सपासून बारापर्यंतच्या फोनांत इअरपीसच्या पट्टीवरच चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेचा एक भाग असतो आणि तो त्या फोनशी बांधलेला असतो. जुना भाग काळजीपूर्वक नव्या पट्टीवर न हलवता पूर्ण पट्टीच बदलली तर चेहऱ्याने फोन उघडणे बंद होते. फटीतली धूळ काढण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागू नये, हीच माझी कळकळ आहे.

दिवाणजींना नवा ग्लास वरची कड फटीपासून थोडी खालीच थांबणारा दिला. गोंद दाबण्यापूर्वी ग्लास नुसता ठेवून फट पूर्ण उघडी दिसते का, हे त्यांनी स्वतः भिंगातून पाहिले. हंगामात दर रविवारी ते ब्रश फिरवतात. इअरपीस अजून पहिलाच आहे.