नस दबली म्हणण्याआधी एकदा बनियान तर काढायला लावा

आज डोकं तापलेलं आहे, त्यामुळे पोस्ट लांब होणार. आत्ता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

सकाळी क्लिनिकला साठीच्या आसपासचे एक काका आले. सोबत मुलगा. (दोघांना विचारूनच लिहितेय, नाव-गाव मुद्दाम गाळलंय.) हातात जाडजूड फाइल, त्यात कमरेचा एमआरआय, आणि पुढच्या आठवड्यातली मणक्याच्या ऑपरेशनची तारीख. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलीय, नस दबलीय, म्हणून उजवं पाऊल लोंबतं, असं त्यांना सांगितलेलं. ऑपरेशनच्या आधी थोडे व्यायाम शिकून घ्या म्हणून माझ्याकडे आले होते. मी विचारलं, दुखतं कुठे? तर म्हणाले, "दुखत तर काहीच नाही जी मॅडम. मुंग्या नाही, बधिरपणा नाही. चप्पलच पायातून निसटून राहिली."

नस इतकी दबली की पाऊल उचलेना, आणि दुखणं नाही, मुंग्या नाहीत? मी त्यांना शर्ट-बनियान काढायला आणि पँट मांडीपर्यंत वर घ्यायला सांगितलं. तेव्हा मुलगा म्हणाला, इतक्या ठिकाणी दाखवलं पण कपडे काढायला कोणीच नव्हतं सांगितलं.

इथे माझं डोकं फिरलं.

उजव्या नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू पार बसलेला. पोटरी बारीक. नुसतं शांत बसून मांडीकडे आणि खांद्याकडे बघत राहिलं, तर कातडीखाली बारीक बारीक फडफड दिसत होती, कधी इथे, कधी तिथे. मग हातोडी घेतली. गुडघ्याखाली हलकीच मारली तर पाय जोरात उडाला. टाचेच्या वरच्या शिरेवर मारली तर त्या बारीक झालेल्या पोटरीनेही पाऊल झटक्यात खाली खेचलं. शेवटी तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेकडून बोटांकडे किल्ली ओढली. अंगठा खाली वळायला हवा होता, तो संथपणे वर गेला.

हे सगळं बघायला किती वेळ लागला असेल? चहा गार व्हायच्या आत झालं.

आता हे का महत्त्वाचं, ते नीट सांगते. मेंदूपासून स्नायूपर्यंत हुकूम दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा मेंदूतून निघतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो, तो अप्पर मोटर न्यूरॉन. तिथून दुसरी पेशी हुकूम घेते आणि नसेतून थेट स्नायूपर्यंत नेते, ती लोअर मोटर न्यूरॉन. शेतात सबस्टेशनपासून डीपीपर्यंत एक लाइन आणि डीपीपासून मोटरपर्यंत दुसरी, तसं समजा. दुसरी लाइन गेली की स्नायू सैल पडतो, बारीक होतो, फडफडतो आणि हातोडीला उत्तर देत नाही. पहिली गेली की मात्र उलटं होतं. कारण मेंदू नुसता हुकूम सोडत नाही, खालच्या पेशींना लगामही घालतो. तो लगाम सुटला की हातपाय ताठरतात, रिफ्लेक्स उसळतात आणि अंगठा वर जातो. बाबिन्स्की नावाच्या डॉक्टरने अंगठ्याची ही खूण १८९६ साली सांगितली. तिला ना वीज लागते ना अपॉइंटमेंट.

आणि आता मुख्य गोष्ट. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचा झुबका असतो, म्हणजे सगळा दुसरा टप्पा. मग चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी कितीही सरकली तरी ती अंगठा वर नेऊच शकत नाही. रिफ्लेक्स कमी करेल, उसळवणार नाही. काकांचा अंगठा वर जातोय म्हणजे बिघाड कमरेच्या वर कुठेतरी आहे, आणि ऑपरेशन होणार होतं कमरेचं!

मला राग यायला आणखी एक कारण आहे. माझे मोठेबाबा.

काटोलकडे संत्र्याची बाग होती त्यांची. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते मी तेव्हा. सुरुवात उजव्या हाताने झाली. छाटणीची कात्री हातातून सुटायला लागली, मग शर्टाची गुंडी लागेना. अंगठा आणि तर्जनीच्या मधला उंचवटा असतो ना, तिथे खळगा पडला होता. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भागही सपाट. करंगळीकडची बाजू मात्र त्या मानाने बरी. मानेचा एमआरआय झाला, पाचव्या-सहाव्या मणक्यात गादी सरकलेली निघाली, आणि ऑपरेशन झालं. कुठे झालं, कोणी केलं, ते लिहिणार नाही.

आज मला जे माहीत आहे ते असं. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यातली गादी दाबते ती सहावी नस. तळहातातल्या त्या छोट्या स्नायूंना आठवी मानेची आणि पहिली छातीची नस चालवते. म्हणजे चित्रातली गादी आणि बसलेला स्नायू यांचा मेळच बसत नव्हता. अंगठ्याकडची बाजू जास्त झिजणं आणि करंगळीकडची कमी, ही तर मोटर न्यूरॉन आजाराची, म्हणजे दोन्ही टप्प्यांतल्या पेशी हळूहळू मरत जातात त्या आजाराची, ओळखीची खूण आहे.

मान्य, मानेचं प्रकरण कमरेइतकं सरळ नसतं. मानेत मज्जारज्जूच दबला तर हातात दुसऱ्या टप्प्याच्या खुणा आणि पायात पहिल्या टप्प्याच्या, अशा दोन्ही मिळतात, आणि वर दाब असूनही कधी तळहात बारीक होतो. चुकायला जागा असते. पण म्हणूनच मानेच्या वर बघायचं असतं ना! मानेतली गादी काहीही करू दे, ती जिभेपर्यंत पोचत नाही. जिभेच्या आणि जबड्याच्या पेशी मेंदूच्या देठात असतात, मानेच्या वर. तोंड उघडायला लावून आत निवांत पडलेली जीभ बघायची. बाहेर काढलेली जीभ कोणाचीही थरथरते, ती धरायची नाही. आतल्या आत ती फडफडत असेल, कडा झिजल्या असतील, किंवा हनुवटीवर बोट ठेवून त्यावर हातोडी मारल्यावर जबडा उसळून मिटत असेल, तर मानेच्या मणक्याकडे बोट दाखवता येत नाही.

मोठेबाबांचं हे पाहिलं गेलं ते ऑपरेशननंतर कितीतरी महिन्यांनी. तोवर "वेळ लागतो, नस हळूहळू भरते" हेच ऐकत होतो. डावा हातही गेला, जेवताना ठसका लागायला लागला, बोलणं जड झालं. मग एका वयस्कर न्यूरोलॉजिस्टांनी त्यांना बनियान काढून उजेडात बसवलं आणि बराच वेळ काहीच न करता नुसतं बघत राहिले. नंतर जीभ, जबडा, हात, तळवे. बारीक झालेल्या हातावर हातोडी मारली आणि तो हात उसळला. जो स्नायू झिजलाय त्याचाच रिफ्लेक्स उसळतोय, म्हणजे दोन्ही टप्पे एकाच जागी बिघडलेत. जीभ, हात, पाय, तिन्हीकडे तेच. आणि संवेदना शाबूत, डोळ्यांची हालचाल शाबूत, लघवीवर ताबा. हा आजार असाच निवडून निवडून खातो. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८७४ साली त्याला नाव दिलं, तेही रोग्यांना नीट बघून आणि मृत्यूनंतर त्यांचा मज्जारज्जू तपासून. तेव्हा कुठला एमआरआय होता?

एमआरआय नकोच असं मी म्हणत नाहीये. दुसरं काही नाही ना, हे बघायला तो लागतोच. मानेत खरोखर दाब असलेल्या माणसाला वेळेवरचं ऑपरेशन वाचवतं, हेही खरं. पण साठी उलटलेल्या माणसाच्या एमआरआयमध्ये सरकलेली गादी निघाली यात विशेष काय? काही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांची निघते. गादी दिसली म्हणजे गुन्हेगार सापडला असं होत नाही. ओपीडीत गर्दी असते, हेही कळतं मला. शेतीवर कर्ज काढून आलेल्या माणसाला त्या गर्दीचं काय सांगू?

"निदान लवकर होऊन उपयोग काय, औषध कुठे आहे?" असं मला एकाने आज तोंडावर विचारलं. बरा करणारं औषध नाही, बरोबर. रिल्युझोल आयुष्य काही महिन्यांनीच वाढवतं. पण बहुतेकांना सुरुवातीपासून दोन ते पाच वर्षंच मिळतात, त्यातलं अर्धं वर्ष नको त्या ऑपरेशनमध्ये आणि फुकटच्या आशेत घालवायचं? पोटातून अन्न द्यायची नळी श्वास बरा असतानाच घालावी लागते, फुप्फुसं थकल्यावर तीच जोखमीची होते. रात्री मास्कने हवा देणारं बायपॅप मशीन वेळेत लागलं तर झोप आणि दिवस दोन्ही सुधारतात. मोठेबाबांचं बोलणं स्पष्ट होतं तेव्हा कोणी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला नाही, कारण हाताच्या नसेवर उपचार चाललेले. ऑपरेशनला बागेचा एक तुकडा विकला होता. नंतर आम्हाला त्या पैशांनी मशीन घेता आलं असतं. मोठीआई रात्र रात्र त्यांना उशांवर टेकवून बसायची.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आजच्या काकांचं काय, ते सांगते. जीभ मला शांत दिसली, जबडाही साधाच वाटला. म्हणजे मानेत दाब असण्याची शक्यता अजून आहे, आणि तसं निघालं तर त्यांना बरं करता येईल. मी मनापासून तेच मागतेय. निदान करणं माझं काम नाही. मी सर्जनना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तारीख पुढे ढकलली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काका न्यूरोलॉजिस्टकडे जातील, मानेचा एमआरआय होईल, आणि ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्याची वीज बघायची तपासणी. ईएमजीत फक्त पाय नका बघू, हात, जीभ आणि पाठीच्या मधल्या भागातले मणक्यालगतचे स्नायूही बघा, असं चिठ्ठीत लिहून दिलंय. मान आणि कंबर वयाने झिजतात, छातीमागचा कणा त्या मानाने क्वचित. तिथले स्नायूही बिघडलेले निघाले तर गादीवर ढकलता येत नाही.

आणि हे वाचून आज रात्री ज्यांची पोटरी फडफडेल, त्यांच्यासाठी. जागरण, चहा, दमणूक यांनी पापणी आणि पोटरी सगळ्यांचीच फडफडते. ताकद शाबूत असेल, स्नायू भरलेला असेल, तर नुसत्या फडफडीने घाबरू नका, मला मेसेजही करू नका. गुंडी लागत नाही, चप्पल निसटते, हात किंवा पाय बारीक होतोय आणि दुखत मात्र काहीच नाही, असं असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. त्यांनी हातोडी काढली नाही तर स्पष्ट विचारा, रिफ्लेक्स बघणार का म्हणून.