‘कोणीही मेल उघडू नका’ ही सूचना नव्हे

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात संगणक विभाग म्हणजे मी आणि एक सहकारी. गेल्या सोमवारी सकाळी ‘पगारवाढीचे पत्र पाहण्यासाठी लॉगिन करा’ असा मेल अनेकांना आला आणि पाऊण तासात कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांचे अकाउंट हॅक झाले’, ‘वायफाय बंद करा’, ‘कोणीही मेल उघडू नका’ असे साठेक संदेश जमले. एकाने तर सावध करण्याच्या भरात तो मेलच जिवंत लिंकसकट ग्रुपवर टाकला. तो आधी काढून घ्यायला लावला.

अधिकृत सूचना लिहिताना मी या साठ संदेशांतून पडताळलेले तेवढेच वेगळे काढले. पाठवणाऱ्याचे नाव मनुष्यबळ विभागाचे होते, परंतु पत्त्यात आमच्या डोमेनमधील l या अक्षराच्या जागी 1 हा आकडा होता. मेलला फाइल जोडलेली नव्हती. लिंक उघडल्यावर दिसणाऱ्या खोट्या पानावर पासवर्ड भरला, तरच तो चोरांच्या हाती जात होता. ‘सगळे हॅक झाले’ याला मात्र कुठलाच आधार नव्हता. मेल उघडू नका असे सांगणे तर निरुपयोगीच, कारण लेखा विभागाने पुरवठादारांची बिले मग पाहायची कुठे?

वरिष्ठांना ‘गंभीर सायबर हल्ला’ असे शीर्षक हवे होते. मी ‘पगारवाढीच्या बनावट मेलबाबत सूचना’ एवढेच ठेवले, लिंकऐवजी मेलचे छायाचित्र जोडले आणि मजकूर वाचणाऱ्याने काय केले आहे त्यानुसार मांडला:

‘मेल केवळ आला किंवा उघडला असल्यास तो संगणक विभागाला कळवून काढून टाकावा. लिंक उघडली, पण काही भरले नसल्यास तसे आम्हाला कळवावे. पासवर्ड भरला असल्यास तो नेहमीच्या लॉगिन पानावरून तत्काळ बदलावा, तोच पासवर्ड अन्यत्र वापरत असल्यास तेथेही बदलावा आणि लगेच दूरध्वनी करावा. कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.’

शेवटच्या वाक्यासाठी वरिष्ठांची संमती मिळवण्यातच वीस मिनिटे गेली. पासवर्ड बदलल्यानंतरही आधीपासून चालू असलेली सत्रे कधीकधी तशीच राहतात, म्हणून सर्व उपकरणांवरून लॉगआउट करणे आणि परस्पर मेल पुढे पाठवणारे नियम तपासणे ही कामे आम्ही स्वतःकडे घेतली. ती सूचनेत लिहिली असती, तर अर्ध्या लोकांनी वाचणेच सोडले असते.

सूचना गेल्यावर दहा मिनिटांत खरेदी विभागातील एका सहकाऱ्याचा फोन आला. त्यांनी सकाळीच पासवर्ड भरला होता. ग्रुपवरील गदारोळ पाहून बोलण्याचे धाडस झाले नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या खात्यात ‘बिल’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारा नियम तोवर तयार झालेला होता. आम्ही आधी त्याची नोंद ठेवली आणि मग तो काढला.