रंग सरकला म्हणून पुडा बनावट ठरत नाही

"पावडरच्या किंवा साबणाच्या पुड्याचा फोटो मोठा करून बघा. अक्षरांना रंगीत कड दिसली, वजन 100, 500 असे पूर्ण आकड्यात नसले किंवा सील वाकडे असले, तर माल डुप्लिकेट. दुकानदाराच्या हातात परत द्या."

हे वाचून माझ्या मावशीने नेहमीच्या वाण्याला चार गिऱ्हाइकांसमोर लबाड ठरवले, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

वजनाचा मुद्दा सपशेल चुकीचा आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 च्या दुसऱ्या अनुसूचीत धुण्याची पावडर आणि साबण ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन होते. 2021 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळली आणि 2022 मध्ये बंधन संपले. त्यामुळे दहा रुपयांचा पुडा दहालाच ठेवून वजन अडनिडे करणे आज कायदेशीर आहे. आकड्यापेक्षा एकक पाहावे: ग्रॅमचे मान्य चिन्ह 'जी' हे एकच अक्षर आहे, म्हणून नामांकित कंपनीच्या पुड्यावर 'जीएमएस' दिसले तर शंका रास्त आहे.

रंगीत कडेचे प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवे. आवरणाच्या फिल्मवर प्रत्येक रंग वेगळ्या सिलिंडरने छापतात आणि रोल वेगाने पळताना एखादा रंग केसभर सरकणे अस्सल मालातही घडते. शिवाय मोबाईलची लेन्स फोटोच्या कडांकडे स्वतःच जांभळी-हिरवी किनार आणते आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या दाबलेल्या फोटोत ती आणखी पसरते. म्हणून पुडा उलटा धरून, तीच ओळ चौकटीत त्याच जागी ठेवून दुसरा फोटो काढावा. आधी अक्षरांच्या डावीकडे असलेली लाल कड आता उजवीकडे गेली तर ती छपाईची. डावीकडेच राहिली तर लेन्सची.

छपाईची ठरली तरी ती कोठे आहे हे महत्त्वाचे. मागच्या बाजूचा पत्ता आणि घटकांची बारीक अक्षरे अस्सल आवरणावर सहसा एकाच शाईत असतात, आणि रंगच एक असेल तर कड पडणार कशी? नकली माल करणारा पुडा स्कॅन करतो तेव्हा तेच काळे अक्षर चार रंगांच्या ठिपक्यांतून उभे राहते, आणि प्रत्येक अक्षराच्या एकाच बाजूला लाल किंवा निळी सावली उमटते. ही खूण भक्कम आहे. रंगीत पट्टीवरची पांढरी अक्षरे तेवढी यातून वगळावीत, कारण तिथे अस्सल पुड्यातही रंग डोकावतो.

सीलबाबत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो, पण वाकडेपणा ही खूण नव्हे. यंत्रावर भरलेल्या लहान पुड्यात एकाच दाबात खालच्या पुड्याचे वरचे आणि वरच्या पुड्याचे खालचे सील बसते, म्हणून दोन्ही टोकांची दातेरी नक्षी सारखी असते. खाली नक्षी आणि वर सपाट, सुरकुतलेली पट्टी असेल, तर पुडा नंतर हाताने बंद केला असण्याची शक्यता मोठी आहे. तयार पिशवीत भरलेल्या मोठ्या पॅकला मात्र ही कसोटी लावू नये. तिथे दोन टोके वेगळी असणे स्वाभाविक आहे.