मिरपूड पळते, जंतू पळत नाहीत

«ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा. मुलाचं बोट साबणात बुडवून पाण्यात टेकवा. बघा, मिरपूड कशी लांब पळते! साबणाच्या हाताला घाबरून जंतू असेच पळतात. मग हाताला चमकी लावा आणि साबणाने धुवायला सांगा. चमकी गेली की हात जंतुमुक्त! पाच मिनिटांचा खेळ, आयुष्यभराची सवय. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा निरोप ग्रुपवर फिरतोय. त्यातलं आधी मिरपुडीचं पाहू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

मिरपूड पाण्यावर तरंगते ती हलकी म्हणून नव्हे. तिचे कण सहजी भिजत नाहीत आणि पाण्याचा वरचा थर ताणून बांधलेल्या कापडासारखा त्यांना तोलून धरतो. या ताणाला पृष्ठताण म्हणतात. साबणाचं बोट टेकलं की त्या जागी हा ताण एकदम ढिला पडतो, पण भोवतीचं पाणी पूर्वीइतक्याच जोराने ओढत असतं. त्यामुळे वरचा थर कडेकडे सरकतो आणि त्यावरची मिरपूडही त्याच्याबरोबर जाते. साबणाने मिरपुडीला काहीही केलेलं नसतं. सरकलं ते पाणी.

विश्वास बसत नसेल तर त्याच ताटलीत आणखी दोन गोष्टी करून बघा. साबणाचं बोट पुन्हा टेकवा. आता मिरपूड जवळपास हलत नाही, कारण सगळ्या पाण्यावर साबण पसरलाय आणि ओढाताण करायला कोणी उरलेलं नाही. मिरपूड साबणाला घाबरत असती तर दुसऱ्यांदाही घाबरली असती. मग चिमूटभर कोरडी मिरपूड टेबलावर सांडा आणि तेच साबणाचं ओलं बोट तिच्यावर दाबा. उचलून बघा: बोटाचं टोक काळंकुट्ट, नखाच्या कडेपर्यंत कण चिकटलेले. साबण लावलेल्या बोटाला घाण चिकटत नाही, हे इथेच निकालात निघतं.

एवढं ताणून का सांगायचं, खेळच तर आहे? कारण चार वर्षांचं मूल गोष्ट जशी दिसते तशीच धरतं. बोट साबणात बुडवलं, टेकवलं, जंतू पळाले. या सगळ्यात चोळणं कुठेच नाही आणि पाण्याखाली धरणंही नाही. जेवणाआधी हेच मूल साबणाला एक बोट लावून, हात झटकून ताटावर येतं, आणि त्याला शिकवलं त्याप्रमाणे ते बरोबरच असतं.

खरं काम असं चालतं. हातावर घाम, तेल आणि मळ यांचा चिकट पापुद्रा असतो आणि जंतू त्यात अडकलेले असतात. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. चोळल्यावर तो पापुद्रा सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. फ्लू किंवा कोरोनासारख्या काही विषाणूंवर चरबीचं आवरण असतं. ते साबणाने फुटतं, म्हणजे ते विषाणू निकामीही होतात. लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसला मात्र असं आवरण नसतं. त्याला हातावरून काढायचं तर चोळून आणि वाहवूनच.

हे दाखवायला मिरपुडीपेक्षा बरणी बरी. झाकणाची पारदर्शक बरणी घ्या, पाव लिटरच्या आसपासची. ती दोन तृतीयांश पाण्याने भरा. चमचाभर तेलात दोन चिमट्या हळद घोटून ते पिवळं तेल त्यात ओता. झाकण लावून मुलाला वीस वेळा हलवू द्या आणि बरणी खाली ठेवा. मिनिटाभरात पिवळं तेल पुन्हा वर जमतं. नुसत्या पाण्याने तेलकट हात का सुटत नाही ते मुलाला दिसतं. आता भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब टाकून पुन्हा हलवा. या वेळी पाणी दुधाळ पिवळं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. सिंकमध्ये ओतलं की सगळं सोबत जातं. मुलाला वाक्य एकच सांगायचं: साबण मळाला पाण्याचा हात धरायला लावतो. इथे अंगाच्या साबणाची वडी नको. इंदुरात बऱ्याच घरी बोरिंगचं जड पाणी वापरात असतं. त्यात वडीचा साबण फेसाऐवजी पांढरा चोथा धरतो आणि प्रयोग फसतो.

मिरपुडीचा खेळ तरीही आवडत असेल तर खुशाल करा, फक्त त्याला पाण्याच्या ताणाचा खेळ म्हणा. पसरट ताटलीत बोटाच्या पेराइतकंही पाणी नको, त्याच्या निम्मं पुरे. मिरपूड पाव चमचा, बारीक. भांडी घासायच्या साबणाचा अंश ताटलीत राहिला असेल तर मिरपूड टाकताक्षणी बुडायला लागते किंवा ढिम्म राहते. अशी ताटली तीन-चारदा नुसत्या पाण्याने खळखळून घ्या. प्रत्येक मुलासाठी पाणी बदला, नाहीतर दुसऱ्या मुलापासून पुढे सगळ्यांचा विरस होतो. आणि मिरपूड संपली म्हणून पोह्यांवरचं जिरावण वापरू नका. त्यातलं मीठ विरघळतं, बाकीचा मसाला भिजून खाली बसतो, आणि ते बोट डोळ्यात गेलं तर रडारड वेगळीच. डोळ्याची भीती मिरपुडीलाही आहेच, म्हणून पुसायचं फडकं हाताशी ठेवा.

आता चमकी. हा खेळ मिरपुडीपेक्षा पुष्कळ चांगला आहे. बिघडतो तो शेवटच्या निष्कर्षात.

हस्तकलेच्या बारीक चमकीचा कणसुद्धा साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो. जीवाणू त्याच्या शंभरावा हिस्सा, विषाणू त्याहूनही कितीतरी लहान. त्यामुळे चमकी दिसेनाशी झाली म्हणजे जंतू गेले असं म्हणता येत नाही. उलटही खरं: नीट धुतलेल्या हातावर नखाशी दोन कण चमकत राहिले, तर मूल समजतं की धुण्याचा उपयोगच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका प्रयोगात २० स्वयंसेवकांनी सार्वजनिक जागांतल्या दारांच्या मुठी आणि कठडे मुद्दाम हाताळले. मग कधी हात धुतले नाहीत, कधी नुसत्या पाण्याने धुतले, कधी साध्या साबणाने. पोटातून बाहेर पडणाऱ्या प्रकारचे जीवाणू न धुतलेल्या हातांच्या ४४ टक्के नमुन्यांत सापडले, नुसत्या पाण्याने धुतलेल्यांत २३ टक्के आणि साबणाने धुतलेल्यांत ८ टक्के. आठ, शून्य नव्हे. आणि पाणीही अगदी फुकट गेलेलं नाही.

खेळात मात्र नुसतं पाणी सपशेल हरताना दिसतं, आणि त्याचं कारण चमकी नसून तेल आहे. कोरड्या हातावर चमकी भुरभुरली तर नळाखाली धरताच बरीचशी निघून जाते आणि साबणाचा फरक दिसत नाही. खोबरेल तेल चोपडून लावली तर साबणानेही दोनदा धुवावं लागतं. निकाल असा तेलाच्या बाटलीतून ठरतो. म्हणून सगळ्या मुलांना क्रीम सारखंच द्यायचं: मटारच्या दाण्याएवढं, दोन्ही हातांना चोळून मुरलेलं. तेल नकोच.

वीस मुलांची बालवाडी धरली तर सगळ्यांच्या हाताला चमकी लावायची गरज नाही. चार-चार मुलांच्या पाच रांगा करा. क्रीम सगळ्यांना, चमकी फक्त पहिल्याच्या उजव्या तळव्यावर, दोन बोटांत मावेल तेवढी. पहिला दुसऱ्याशी हात मिळवतो, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. चौथ्याने चमकीचा डबा पाहिलेलाही नसतो, तरी त्याच्या हातावर चार-दोन ठिपके लकाकतात. रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघायला न गेलेल्याच्या शर्टावरही गुलाल सापडतो, तसंच. चमकी जे खरं सांगू शकते ते हेच: हातावरून हातावर काय काय जातं. जंतू वाढतात, चमकी वाढत नाही, एवढं मोठ्या मुलांना जोडून सांगावं.

मग धुणं. एका रांगेने फक्त कोरड्या कागदाने पुसायचं, दुसरीने २० सेकंद नुसत्या पाण्याने, बाकी तिघींनी २० सेकंद साबणाने चोळून. वीस सेकंद म्हणजे एक ते वीस हळू मोजणं. पोरं घाईने मोजतात, म्हणून ताईंनी मोजावं. धुवायला एकच परात किंवा टब ठेवला तर पहिल्याची चमकी चौथ्याच्या मनगटावर जाऊन बसते, तेव्हा तांब्याने वरून पाणी घाला. नंतर हात उजेडात तिरपे धरून मुलांनाच शोधू द्या. चमकी बहुधा अंगठ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला आणि मनगटावर सापडते. «गेली की नाही?» असं विचारू नका. «कुठे राहिली?» असं विचारा. पुढच्या वेळी मूल अंगठा आपणहून मुठीत धरून फिरवतं.

निरोपात न लिहिलेली एक गोष्ट राहिली. ही चमकी प्लास्टिकची असते. तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळावर ओरखडा येऊ शकतो, आणि मोरीतून गेलेली चमकी गाळून निघणं कठीण. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. तीन वर्षांखालच्या मुलांना ती देऊच नये. बाकीच्यांनी धुण्याआधी हात कागदाने पुसून तो कागद सुक्या कचऱ्यात टाकावा. कुठला कचरा कुठल्या डब्यात ते इंदूरची पोरं आपल्याला शिकवतील. चमकी नको असेल तर हळद लावा: वडीच्या साबणाने ती लालसर होते, कपड्यावरचा हळदीचा डाग धुताना होतो तशीच, आणि साबण कुठवर पोचला ते दिसतं. पिवळेपणा मात्र लगेच जात नाही, तेव्हा हळदीवरून हात किती निघाला ते ठरवू नका.

राहिली पाच मिनिटं आणि आयुष्यभराची सवय. कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात साबणाने हात धुणाऱ्या घरांत पाचखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि जुलाबही जवळपास निम्मे झाले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही. पण त्या घरांना साबण फुकट मिळत होता आणि कार्यकर्ते वर्षभर दर आठवड्याला घरी येत होते. बालवाडीत याचा अर्थ असा, की साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून मुलाच्या छातीच्या उंचीवर नळाला बांधलेली हवी, डब्याआधी दहा मिनिटं वेळापत्रकात राखलेली हवीत, आणि नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर नसलेल्या दिवसासाठी तोटीची एक टाकी भरून ठेवलेली हवी. वीस मुलांना एका वेळी दर मुलामागे एक तांब्या धरून अंदाज बांधा, आणि टाकी त्याहून थोडी मोठीच घ्या, कारण दोन-चार तांबे फरशीवर जाणारच.