अंगठ्याने उघडतोय तोवर फोन बंद करू नका

*«पॅटर्न विसरलात तर? हा तुमचा लेख वाचला. एवढं लांबण लावून शेवटी सांगितलंत काय, तर फोन रिसेट करा! माझ्या आईने शनिवारी रात्री पॅटर्न बदलला आणि रविवार दुपारपासून तिला तो आठवत नाही. अंगठा लावला की फोन उघडतो, पण पॅटर्न बदलायला गेलं की तोच आठवत नसलेला पॅटर्न मागतो. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, डेटा न जाता लॉक काढून दाखवतात. म्हापशाचा एक दुकानदारही करून देतो म्हणाला, आज संध्याकाळी फोन घेऊन जाणार आहे. तुम्ही लोकांना उगाच घाबरवता.» — डिचोलीहून एक वाचक, सोमवार सकाळ*

नमस्कार. आधी एकच विनंती: संध्याकाळी म्हापशाला जाऊ नका. निदान आईंचे फोटो आणि व्हॉट्सॲप बाहेर काढेपर्यंत तरी नको. दुकानदार हातात फोन घेतल्यावर बहुधा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे फोन बंद करून चालू करणं, आणि तुमच्या बाबतीत तेवढ्यानेच खेळ संपेल. फोन पुन्हा चालू झाला की तो अंगठा स्वीकारत नाही, आधी पॅटर्नच मागतो.

असं का, ते सांगतो, कारण व्हिडिओंचं उत्तरही त्यातच आहे. जुन्या अँड्रॉइडमध्ये पॅटर्न ही नुसती दाराची कडी होती. `gesture.key` नावाची एक फाइल असायची, ती रूट केलेल्या, म्हणजे आतल्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतलेल्या फोनमधून उडवली की कडी निघायची आणि आतलं सामान जागच्या जागी. अँड्रॉइड 4.4 पर्यंत तर पाच वेळा चुकल्यावर जीमेलचा पासवर्ड टाकूनही आत जाता यायचं. त्या काळातले व्हिडिओ खोटे नाहीत, पण ते फोन आता कुणाच्या हातात नाहीत. आजच्या फोनमध्ये फोटो, मेसेज, सगळं सांकेतिक रूपात साठवलेलं असतं, आणि ते उलगडणारी किल्ली तुमचा पॅटर्न आणि चिपमध्ये दडवलेलं गुपित या दोघांवर मिळून अवलंबून असते. अँड्रॉइड 10 सह बाजारात आलेल्या फोनांना तर हे सक्तीचंच आहे. फाइल उडवली तर किल्लीच गेली, डेटा कायमचा कुलूपबंद.

मग अंगठ्याने कसा उघडतो? फोन चालू केल्यावर आईंनी एकदा बरोबर पॅटर्न काढला, तेव्हा ती किल्ली तयार होऊन मेमरीत बसली. फोन बंद होईपर्यंत ती तिथेच असते. अंगठा फक्त पडदा बाजूला करतो, किल्ली तयार करत नाही. माझ्या लेखातला रिसेटचा सल्ला अंगठाही चालत नाही अशा फोनसाठी होता. तुमचा फोन अजून त्या अवस्थेला गेलेला नाही.

पण मुदत आहे. शेवटचा बरोबर पॅटर्न काढल्यापासून साधारण 72 तासांनी अँड्रॉइड अंगठा नाकारतं आणि पॅटर्न मागतं. आईंनी रविवारी सकाळी तो एकदा बरोबर काढला असेलही, पण शनिवार रात्रच धरून चला. म्हणजे मंगळवार रात्रीपर्यंत वेळ आहे.

तोवर चार्जर लावून ठेवा. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून पॉवर बँकही जवळ असू द्या. बॅटरी संपून फोन बंद पडला तरी परिणाम तोच. अपडेट करायचं विचारलं तर नको म्हणा. आणि अंगठा कोरडा करून, पुसून मगच लावायचा. पाच वेळा नाकारला गेला तर फोन अर्धा मिनिट थांबवतो, पण नाकारण्याचा आकडा वीसवर गेला की पॅटर्न काढेपर्यंत अंगठा बंदच. स्वयंपाक करताना ओल्या हाताने सारखा फोन उघडायची सवय असेल, तर हे दोन दिवस आईंना जरा जपायला सांगा.

फोन सॅमसंगचा असेल तर आधी एक गोष्ट बघा. त्यांच्या अलीकडच्या काही फोनांवर लॉक बदलल्यानंतर 72 तास आधीचा पॅटर्न वापरून नवा ठेवता येतो. चुकीचा पॅटर्न काढल्यावर खाली तो विसरल्याचा पर्याय दिसला तर तो दाबा आणि शुक्रवारपर्यंतचा पॅटर्न काढा, तो आईंना नक्कीच आठवेल. शिवाय फोनवर सॅमसंगचं खातं असेल आणि `Remote unlock` आधीपासून चालू असेल, तर `smartthingsfind.samsung.com` वर जाऊन दुसऱ्या यंत्रावरून लॉक काढता येतं. फोन इंटरनेटला जोडलेला हवा. यातलं काही जमलं तर पुढचं करायची गरजच नाही. गूगलची फोन शोधायची सेवा मात्र इथे कामाची नाही. लॉक असलेल्या फोनचा पॅटर्न ती बदलून देत नाही, सगळं पुसून तेवढं देते.

नाही जमलं तर आजच कॉम्प्युटर आणि केबल घ्या. अंगठ्याने फोन उघडा, केबल लावा, वरून येणाऱ्या सूचनेत `File transfer` निवडा. याला पॅटर्न लागत नाही. `DCIM`, `Pictures`, `Download` हे फोल्डर आणि `Android/media/com.whatsapp` हा फोल्डर उचला. व्हॉट्सॲपमध्ये `Chat backup` वरून गूगल ड्राइव्हवर ताजा बॅकअपही घ्या. त्या बॅकअपला वेगळा पासवर्ड ठेवलेला असेल तर तो माहीत आहे ना, हे विचारून घ्या. नंबर फोनमध्येच साठवलेले असतील तर कॉन्टॅक्ट्समधून `.vcf` फाइल काढून तीही कॉम्प्युटरवर टाका.

इथे एक जागा आहे जिथे शहाणीसुरती माणसंही फसतात. सेटिंगमधलं `Back up now` दाबून निश्चिंत होऊ नका. मेसेज, कॉलची नोंद, ॲपमधली माहिती असा जो फोनचा बॅकअप गूगलकडे जातो, तो फोनच्या लॉकनेच कुलूपबंद झालेला असतो. नव्या फोनवर तो उतरवताना जुन्या फोनचा पॅटर्न विचारतात, आणि तोच तर आठवत नाही. गूगल फोटोजमधले फोटो आणि खात्याशी जोडलेले नंबर याला अपवाद, ते जीमेलने लॉगिन केलं की दिसतात. पण महत्त्वाचे एसएमएस असतील तर ते मेसेजचा बॅकअप घेणाऱ्या ॲपने वेगळे काढा, किंवा सरळ स्क्रीनशॉट घ्या.

मुदत चुकलीच, अंगठा चालेना, पण फोन बंद झालेला नाही, तर आणखी एक बारीकशी वाट उरते. यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलवरून कॉम्प्युटरला फोनशी बोलू देणारी सेटिंग, आधीपासून चालू असेल, कॉम्प्युटरवर `adb` हा प्रोग्राम असेल आणि त्या कॉम्प्युटरला फोनने पूर्वी परवानगी दिलेली असेल, तरच तिथल्या कमांडच्या खिडकीत हे चालतं:

```
adb pull /sdcard/DCIM
```

किल्ली अजून मेमरीत असते म्हणून पडदा बंद असतानाही फोटो निघतात. आईंच्या फोनवर डीबगिंग चालू असण्याची शक्यता कमीच, म्हणून या वाटेवर विसंबू नका.

सगळं उतरवून, दोन-चार फोटो कॉम्प्युटरवर उघडून खात्री केली की मग रिसेट करा. सेटिंगमधून करायला गेलात तर तिथेही पॅटर्न मागेल, त्यामुळे ते रिकव्हरीतून, म्हणजे फोन बंद करून ठरावीक बटणं दाबली की उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून करावं लागेल. तसं केल्यावर फोन आधीचंच जीमेल खातं मागतो. तेव्हा आईंचा जीमेलचा पासवर्ड आत्ताच दुसऱ्या फोनवर टाकून बघा. आठवत नसेल आणि बदलावा लागला, तर बदलल्यावर निदान 24 तास थांबून मगच रिसेट करा. डेटा हाती आलेला असल्याने थांबायला हरकत नाही, आणि म्हापशाला जायचंच असेल तर त्यानंतर जा.

फोनचं मॉडेल इथे कळवलंत तर रिकव्हरीत जायला कोणती बटणं दाबायची ते सांगतो.