विश्वासार्हता: बेताची

कानाच्या तपासणीच्या अहवालावर खाली डाव्या कोपऱ्यात 'विश्वासार्हता' असा एक रकाना असतो. माझ्या अहवालात तिथे 'बेताची' असं लिहून आलंय. यंत्राची नव्हे, माझी.

झालं होतं असं की काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन चढवून, हातात बटण देताना तिथल्या मुलीनं बजावलं, "काका, अगदी बारीक आवाज आला, नुसती शंका आली तरी दाबायचं हं." मला शंका आली की मी दाबत होतो. मग दार उघडून, बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काका, काही वाजत नसताना उगाच नका ना दाबू!" कानाच्या दवाखान्यात सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यामुळे अपमानही मोठ्यानं होतो.

दुखणं 'काका'चं नाही. निवृत्त होईपर्यंत मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं आणि शंका आल्यावर माणूस 'आहे' कधी म्हणतो आणि 'नाही' कधी, नेमकं हेच दरवर्षी फळ्यावर शिकवलं, हे दुखणं आहे.

बाहेर आलो तर बाकावर एक बँकेतले निवृत्त कॅशियर सपत्नीक बसले होते. त्यांची तपासणी माझ्या आधी झाली होती आणि विश्वासार्हता 'उत्तम' आली होती. अहवाल त्यांनी पासबुकासारखा उघडून मला दाखवला.

"एकदाही विनाकारण दाबलं नाही," ते म्हणाले. "आतमध्ये बऱ्याचदा वाटलं, की बहुतेक वाजतंय. पण 'बहुतेक'वर मी आयुष्यात कुणाला पैसे दिले नाहीत."

"पण ते वाजत असेल तर?"

"असेल ना. गिऱ्हाईक पुन्हा येईल रांगेत. माझं काय जातंय? जास्त नोटा गेल्या तर भरायच्या कुणी? मी!"

त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. आता त्या म्हणाल्या, "घरीही हेच. दाराची बेल वाजली की म्हणतात, थांब, परत वाजू दे, खात्री होऊ दे. तोवर कुरिअरवाला गेलेला असतो."

"बेल होती की मिक्सर, ते नको कळायला?" कॅशियर म्हणाले.

इथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. आत त्या मुलीसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, इथे आयताच वर्ग मिळाला. मी त्यांच्याच अहवालाची पाठकोरी बाजू मागितली. ती त्यांनी दिली नाही, म्हणून माझा अहवाल उलटा केला.

आवाज होता आणि बटण दाबलं, तर ती 'हिट'. आवाज होता आणि दाबलं नाही, तर 'मिस'. आवाज नव्हता तरी दाबलं, तर 'फॉल्स अलार्म', म्हणजे माझा गुन्हा. आवाज नव्हता आणि हातही हलला नाही, तर ते बरोबर, पण त्याबद्दल शाबासकी कुणी देत नाही. ही वाटणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रडारच्या कामातून आली. पडद्यावरचा ठिपका म्हणजे विमान की नुसता गोंधळ, हा तिथला प्रश्न. 1954 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या टॅनर आणि स्वेट्स यांनी तोच हिशेब माणसाच्या इंद्रियांना लावला.

गोम अशी, की काचेच्या खोलीतही कान कधी रिकामा नसतो. रक्त वाहतं, श्वास चालतो, मज्जातंतू आपापलं पुटपुटत असतात, आणि हा गोंगाट क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. बारीक आवाज त्यात थोडी भर घालतो, एवढंच. धान्याचे दोन ढीग शेजारी ओतले की पायथे एकमेकांत मिसळतात, तसे 'नुसता गोंगाट' आणि 'गोंगाट अधिक आवाज' हे दोन ढीग एकमेकांत घुसतात. पायथ्याचा दाणा कुठल्या ढिगातला, हे देवालाही सांगता येणार नाही. तरी बटण दाबायचं की नाही हे ठरवावंच लागतं, म्हणून प्रत्येकजण कुठेतरी रेघ मारतो: याच्या पलीकडे गेलं तर दाबीन. ती रेघ म्हणजे निकष. ढिगांमधलं अंतर म्हणजे संवेदनशीलता, म्हणजे खरा कान.

"समजा," मी म्हटलं, "आपल्या दोघांना पन्नास वेळा बारीक आवाज ऐकवला आणि पन्नास वेळा काहीच नाही. मी आवाजावर बेचाळीसदा दाबलं आणि शांततेवर पंचवीसदा. तुम्ही आवाजावर पंचवीसदा आणि शांततेवर फक्त आठदा. कुणाचा कान चांगला?"

"यात विचारायचं काय?" असा चेहरा त्यांनी केला.

माझ्या हिट 84 टक्के, फॉल्स अलार्म 50. त्यांच्या हिट 50, फॉल्स अलार्म 16. टक्के थेट वजा करायचे नसतात. आधी घंटेच्या आकाराच्या वक्रावर त्यांची जागा पाहायची. तिथे 84 टक्के म्हणजे मध्यापासून एक पाऊल वर, 50 म्हणजे बरोबर मध्य, 16 म्हणजे एक पाऊल खाली. हिटच्या जागेतून फॉल्स अलार्मची जागा वजा करायची. माझं एक वजा शून्य, एक. त्यांचं शून्य वजा उणे एक, तेही एकच. या आकड्याला डी-प्राइम म्हणतात. दोघांचे कान तंतोतंत सारखे, फरक फक्त रेघेचा. मी अलीकडे ओढली, त्यांनी तिजोरीच्या दारात.

आता त्या तपासणीकडे बघा. आवाज ऐकू आला की दहा डेसिबलनं खाली उतरायचं, नाही आला की पाच-पाचनं वर चढायचं, आणि चढताना निम्म्या वेळा तरी दाबलं गेलं ती सर्वात खालची पातळी म्हणजे तुमचा कान. पण ती पातळी रेघेबरोबरही सरकते. सावध माणसाचा कान कागदावर आहे त्याहून मठ्ठ दिसतो आणि उतावळ्याचा तल्लख. शांततेच्या खेपा मोजायची त्यात सोयच नाही, नुसतं दोन आवाजांमध्ये कमीजास्त थांबायचं आणि मध्येच कोण दाबतो ते बघायचं. त्यामुळे उतावळा पकडला जातो, सावध कधीच नाही. तो 'उत्तम' होतो! वर "शंका आली तरी दाबा" असं सांगून रेघ अलीकडे ओढायला लावणारी हीच माणसं, आणि दाबलं की रांगेसमोर ओरडणारीही हीच.

यावर उपाय जुनाच आहे. दोन खेपा द्यायच्या, एकीत आवाज, दुसरीत काही नाही, आणि विचारायचं, पहिलीत की दुसरीत? 'आहे की नाही' हा प्रश्नच निघून जातो, त्यामुळे सावध आणि उतावळा एका पायरीवर येतात. पण त्याला वेळ लागतो, आणि बाहेर रांग. फी मात्र रांग बघून कमी होत नाही.

कॅशियरनी माझा कागद घेऊन बेरजा वरून खाली आणि खालून वर तपासल्या. मग पेन टेकवून म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण हे तुमचे पंचवीस भरले कुणी?"

"कुणीच नाही. इथे चुकून दाबल्याचे पैसे कापत नाहीत."

"कापत नाहीत?" ते ताडकन उठले. "आधी नाही का सांगायचं! मग मीही दाबलं असतं की!"

आणि खरोखरच त्या मुलीकडे जाऊन, तपासणी पुन्हा करा म्हणून बसले. पुन्हा करायची तर पूर्ण फी पडेल, असं ती म्हणाली. तेवढं त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं.