ट्री रेक्स चालत का नाही: एका रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

“मुलासाठी स्कायलँडर्स या व्हिडिओ गेमच्या दोन वापरलेल्या फिगर घेतल्या. २०११ च्या पहिल्या गेमवर ट्री रेक्स ठेवला तर काहीच होत नाही. गिल ग्रंट चालतो, पण थेट लेव्हल १० आणि नाव भलत्याच कुणाचं! आत चिप तरी आहे का? शुद्ध फसवणूक.”

नमस्कार. चिप दोन्हींत आहे. एनएफसी असलेल्या फोनवर टॅग वाचणारं अ‍ॅप उघडून फिगरचा तळ फोनच्या पाठीला टेकवा. फोनने टॅग ओळखला तर चिप शाबूत आहे.

आता ती करते काय, ते सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. पात्राचं चित्र, आवाज, हालचाली यांतलं काहीही फिगरमध्ये नसतं. चिपची जागा जेमतेम एक किलोबाइट. तिला बॅटरीही नसते, पोर्टलच्या, म्हणजे फिगर ठेवायच्या कन्सोलच्या तबकडीच्या, रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि ‘मी अमुक पात्र’ एवढं कळवते. मग गेम डिस्कवरचं ते पात्र उघडतो. पाण्याचं चिन्ह असलेलं दार गिल ग्रंट आल्यावर उघडतं, तेही असंच: दारामागचा भाग डिस्कवर आधीपासून असतो.

ट्री रेक्स २०१२ च्या ‘जायंट्स’ गेमसोबत आला. तुमची डिस्क त्याच्या आधीची, तिच्यात तो नाहीच, मग उघडणार काय? जुनी फिगर नव्या गेमवर चालते, नवं पात्र जुन्या गेमवर नाही. हे उत्पादनाच्या पानावर लिहिलेलं आहे, पण फिगर हातात घेऊनही कळतं: पहिल्या गेमच्या फिगरचा तळ हिरवा, जायंट्सचा नारिंगी. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नारिंगी तळावर जुनंच पात्र नव्या पवित्र्यात असेल, तर ते पहिल्या गेमवरही चालतं.

गिल ग्रंटचं म्हणाल तर त्याची लेव्हल, नाणी, विकत घेतलेल्या शक्ती, ठेवलेलं नाव, सगळं कन्सोलवर नव्हे, फिगरमध्येच साठतं. पासबुकासारखं ते तिच्याबरोबर फिरतं. म्हणूनच मुलं ती मित्राच्या घरी नेऊन आपल्याच लेव्हलने खेळतात, मित्राचा कन्सोल दुसऱ्या कंपनीचा असला तरी. आधीच्या मुलाने मेहनत घेऊन १० गाठली आहे, आणि पहिल्या गेममध्ये त्यापुढे लेव्हल नाही. नव्याने सुरुवात हवी असेल तर गेमच्या मेनूत त्या पात्राचं ‘रीसेट’ करा. पण आधी मुलाला विचारा, कारण पुसलेलं परत येत नाही आणि तयार शक्तींचा गिल ग्रंट बऱ्याच मुलांना हवाच असतो! रीसेट होत असताना फिगर पोर्टलवरून उचलू नका, नोंद अर्धवट राहून बिघडू शकते. पोर्टल लोखंडी टेबलावरही नको, धातूजवळ वाचन अडखळतं.

ट्री रेक्स परत पाठवायचा असेल तर पाठवा. ठेवायचा असेल तर त्याच कन्सोलची ‘जायंट्स’ डिस्क घ्या. पोर्टल तुमच्याकडचंच चालेल, पोर्टलसकटचा संच घेऊ नका.